बादली कितीला पडली?

[दृश्य: सांगलीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात ट्रक रिकामा होतोय. हमाल खोकी उतरवतायत. काउंटरवर फिकट कार्बन कॉपी सरकवली जाते.]

निवेदन:
राजकोटहून निघालेला माल सांगलीत उतरतोय. सोळा नग आहेत: बिजागऱ्यांची सहा खोकी, पितळी नळांची दोन खोकी आणि प्लास्टिकच्या बादल्यांचे आठ गठ्ठे. सोबत हातभर लांबीचा एक कागद आला आहे. कुणी त्याला बिल्टी म्हणतं, कुणी एलआर. माल ताब्यात मिळाला की बहुतेक दुकानांत हा कागद टाचणीला लागतो आणि खर्चाच्या वहीत एकच ओळ पडते, गाडीभाडं तीन हजार सहाशे. पण बादली विकायची कितीला, हे ठरवायचं असेल तर ही एक ओळ पुरत नाही. यातले किती बादल्यांमुळे लागले आणि किती बिजागऱ्यांमुळे, ते बिल्टीच्या रकान्यांतून काढावं लागतं.

आपण एक नमुना बिल्टी घेऊ आणि तिच्यावरचे आकडे शेवटपर्यंत सोडवू.

[दृश्य: बिल्टी जवळून. बोट एकेका रकान्यावर फिरतं.]

निवेदन:
सर्वांत आधी बिल्टी नंबर आणि तारीख. नोंदीची किल्ली हा नंबरच आहे, कारण पुढे ट्रान्सपोर्टचं बिल येईल किंवा डिलिव्हरीच्या वेळी वेगळ्या नंबरचा कॅश मेमो हातात पडेल. दोन्हींवर मूळ बिल्टीचा नंबर लिहिलेला असतो. त्यावरून जोड लावली नाही, तर एकच भाडं बिल्टीवरून एकदा आणि मेमोवरून दुसऱ्यांदा चढतं.

मग पाठवणारा, घेणारा, कुठून कुठे, नगांची संख्या आणि पाठवणाऱ्याच्या बिलाचा नंबर. बिलाचा नंबर महत्त्वाचा आहे, कारण भाडं ज्या मालावर वाटायचं तो माल त्या बिलात आहे. कधी एका बिल्टीवर दोन बिलांचा माल असतो, कधी एकाच बिलाचा माल दोन गाड्यांतून दोन बिल्ट्यांवर येतो. बिल सोळा नगांचं आणि बिल्टी दहाची, असं दिसलं की उरलेले सहा नग मागून येतायत हे धरून चालायचं. आज आलेल्या बिल्टीचं भाडं आज आलेल्या दहा नगांवरच टाकायचं.

त्यानंतर बघायचं 'टू पे' की 'पेड'. आपल्या बिल्टीवर टू पे आहे, म्हणजे भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं. पेड असेल तर पाठवणाऱ्याने ते आधीच भरलेलं असतं, आणि भाड्याचा रकाना बहुतेक कोराच असतो. तेव्हा मालाच्या बिलाच्या तळाशी जायचं. तिथे भाडं वेगळ्या ओळीत लावलं असेल तर वाटपाला तीच रक्कम घ्यायची. काहीच लावलं नसेल तर ते मालाच्या दरातच धरलेलं आहे, वेगळं वाटायला काही नाही.

[दृश्य: वजनाचे दोन रकाने शेजारी शेजारी: ४०० आणि ६००.]

निवेदन:
आता या कागदावरची खरी जागा. वजनाचे दोन रकाने. एकात लिहिलंय ४०० किलो, दुसऱ्यात ६००. पहिलं काट्यावरचं प्रत्यक्ष वजन. दुसरं, ज्या वजनावर भाडं लावलं ते. गाडीत जागा भरते तरी काट्यावर वजन दिसत नाही, असा माल असला की ट्रान्सपोर्टवाला घनफळ मोजतो आणि प्रत्येक घनफुटाला ठरावीक किलो धरतो. हा आकडा प्रत्येक ट्रान्सपोर्टचा वेगळा असतो, तो भाव ठरवतानाच विचारून ठेवावा. आपल्या नमुन्यात एका घनफुटाला दहा किलो धरले आहेत.

चारशेचे सहाशे कशाने झाले, ते बिल्टीवर लिहिलेलं नसतं. वर्णनाच्या रकान्यात एवढंच असतं: 'हार्डवेअर, प्लास्टिक, १६ नग'. म्हणून पॅकिंग स्लिप शेजारी ठेवायची आणि एका गठ्ठ्याला टेप लावायची.

[दृश्य: एकात एक बसवलेल्या बादल्यांचा गठ्ठा. टेप उलगडते.]

निवेदन:
पंचवीस बादल्या एकात एक बसवून बांधल्या आहेत. रुंदी एक फूट, उंची एक फूट, लांबी पावणेचार फूट. म्हणजे पावणेचार घनफूट. असे आठ गठ्ठे, एकूण तीस घनफूट, आणि दहाच्या हिशेबाने तीनशे किलो. काट्यावर हेच आठ गठ्ठे भरतात फक्त शंभर किलो. बिजागऱ्यांची खोकी दोनशे चाळीस किलोंची आणि नळांची साठ किलोंची. ती जड आणि आटोपशीर असल्याने त्यांचं वजन काट्यावर आहे तेवढंच धरलं जातं. तीनशे, दोनशे चाळीस आणि साठ मिळून सहाशे. बिल्टीवरचा दुसरा आकडा जुळला. वरचे दोनशे किलो एकट्या बादल्यांचे आहेत.

जुळलं नसतं तर दोनच गोष्टी शक्य होत्या: घनफुटाचा दर आपण चुकीचा धरला, किंवा ट्रान्सपोर्टने वजन जास्त लावलं. दुसरी असेल तर गठ्ठा दुकानात पोचायच्या आत, गोदामातच मोजून बोलावं. सुटलेल्या गठ्ठ्यावर कुणी वाद ऐकून घेत नाही.

[दृश्य: रकमांचा रकाना. शाई पसरलेली, शिक्का आकड्यांवर आलेला.]

निवेदन:
रकमा वाचताना गफलत होते ती इथे. हाताने लिहिलेला एक आणि सात कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवर सारखेच दिसतात. 'टू पे'चा शिक्का हमखास रकमेवरच बसतो. बिल्टीचा फोटो काढून मोबाईलवरून आकडे उचलणाऱ्यांनी एका चिन्हावर डोळा ठेवावा. रकमेपुढची तिरपी रेघ आणि आडवी रेघ, 3300/- अशी. त्यातली तिरपी रेघ एक म्हणून वाचली गेली की तेहतीसशेचे तेहतीस हजार एक होतात.

म्हणून आकडा नुसता वाचायचा नाही, गुणून बघायचा. दर साडेपाच रुपये किलो, वजन सहाशे, भाडं तीन हजार तीनशे. बरोबर. हमाली नगाला पंधरा रुपये, सोळा नग, दोनशे चाळीस. बरोबर. बिल्टी चार्ज साठ. बेरीज तीन हजार सहाशे. गुणाकार जुळतो, बेरीज जुळते आणि नग पॅकिंग स्लिपशी जुळतात, तर वाचन बरोबर आहे. दर चारशेने गुणून भाडं येत नाही आणि सहाशेने येतं, यावरून वजनाचा कुठला रकाना कुठला, हेही कळतं. काही छापील बिल्ट्यांवर ते रकाने उलट क्रमाने असतात.

[दृश्य: दुकानाचा गाळा. बिजागरी, नळ आणि बादली टेबलावर.]

निवेदन:
आता वाटप. माल एक लाख वीस हजारांचा. बाराशे बिजागऱ्या तीस रुपयांच्या, दोनशे नळ तीनशेचे, दोनशे बादल्या एकशेवीसच्या.

सरावाने लोक किमतीच्या प्रमाणात वाटतात. तीन हजार सहाशे म्हणजे किमतीच्या तीन टक्के. मग नळावर नऊ रुपये बसतात आणि बादलीवर तीन रुपये साठ पैसे. पण नळ खोक्याच्या कोपऱ्यात मावला, गाडी बादल्यांनी भरली. टॅलीमध्ये `Appropriate by Value` निवडलं की हाच हिशेब होतो. `Appropriate by Quantity` निवडलं तर सोळाशे वस्तूंवर सारखे सव्वादोन रुपये बसतात, बिजागरीवर तेवढेच आणि बादलीवरही तेवढेच. एकाच प्रकारचा माल असेल तर ते चालतं, इथे नाही.

प्रत्येक खर्च ज्यावर आकारला त्यावरच वाटायचा. भाडं आकारलं वजनावर, म्हणून ते भाडं लावलेल्या वजनावर वाटू. बादल्यांकडे सोळाशे पन्नास, बिजागऱ्यांकडे तेराशे वीस, नळांकडे तीनशे तीस. हमाली नगावर आहे, म्हणून गठ्ठे मोजून बादल्यांना एकशेवीस, बिजागऱ्यांना नव्वद, नळांना तीस. बिल्टी चार्ज एका कागदाचा, त्याला नैसर्गिक माप नाही. तो वजनावरच टाकला की तीस, चोवीस आणि सहा. एकूण बादल्यांवर अठराशे, बिजागऱ्यांवर चौदाशे चौतीस, नळांवर तीनशे सहासष्ट. बेरीज तीन हजार सहाशे, एक रुपयाही इकडेतिकडे नाही.

[दृश्य: पाटीवर खडूने एकच ओळ: बादली १२९.]

निवेदन:
बादलीला नऊ रुपये भाडं. ती दुकानात पोचेपर्यंत एकशे एकोणतीसला पडली. किमतीच्या वाटपाने ती एकशे तेवीस साठ दिसत होती. एकशे पस्तीसला विकली तर कागदावर अकरा रुपये चाळीस पैसे सुटलेले दिसतात, प्रत्यक्षात सुटतात सहा. नळाचं उलटं आहे. त्यावर नऊ नव्हे, दोन रुपयांच्याही आत भाडं आहे, आणि शेजारच्या दुकानाशी भाव जुळवायला तिथे जागा निघते.

[दृश्य: बिल्टीवरचा जीएसटीचा चौकोन, 'कर भरणार: माल घेणारा'.]

निवेदन:
या बिल्टीवर कर माल घेणाऱ्याने रिव्हर्स चार्जने भरायचा आहे. पाच टक्के, म्हणजे एकशे ऐंशी रुपये. नेहमीच्या पद्धतीने नोंदणी असलेल्या दुकानदाराला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो मालाच्या किमतीत धरायचा नाही. कंपोझिशनमध्ये असलेल्याला क्रेडिट नाही, त्याच्यासाठी हे एकशे ऐंशीही भाड्याबरोबर वाटले जातात.

गोदामातून दुकानापर्यंतच्या टेम्पोचं भाडं बिल्टीवर नसतं, तरी मालाच्या खर्चात येतं. माल वेळेत सोडवला नाही म्हणून लागलेलं डॅमरेज मात्र त्यात येत नाही. ते उशिराचं आहे. ते बादलीवर टाकलं तर पुढच्या खेपेला भाव ठरवताना फसगत होते.

वाटलेल्या तीन रकमा टॅलीत खरेदीच्या नोंदीत मालाच्या त्या त्या ओळीखाली वेगवेगळ्या घालता येतात. त्यासाठी खरेदीच्या व्हाउचर प्रकारात `Track Additional Costs for Purchases` चालू असावं लागतं. ट्रान्सपोर्टचं बिल महिनाअखेरीला येणार असेल तरी बिल्टीवरचं भाडं माल आल्या दिवशीच धरावं. ते राहून गेलं आणि तोवर दोनशेपैकी ऐंशी बादल्या विकल्या गेल्या, तर त्या ऐंशींचे सातशे वीस रुपये विकलेल्या मालाच्या खर्चात जातात आणि उरलेले एक हजार ऐंशी शिल्लक एकशेवीस बादल्यांवर बसतात. सगळे अठराशे शिल्लक बादल्यांवर टाकले, तर त्या एकशे पस्तीसला पडल्या असं दिसेल, म्हणजे अगदी विक्रीच्याच भावाला.