दोन रुपयांचा शेअर महाग कसा असतो

मंडळी, दोन रुपयांना शेअर मिळतोय म्हटलं की आपल्याला तो स्वस्त वाटतो. पण भावावरून स्वस्ताई कळत नाही. एका कंपनीचे 100 कोटी शेअर आहेत, भाव 2 रुपये. म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत 200 कोटी झाली. वर्षाचा नफा 1 कोटी असेल, तर तुम्ही नफ्याच्या 200 पट मोजताय. दुसरीचे फक्त 10 लाख शेअर, भाव 2,000. किंमत तीच 200 कोटी, पण नफा 20 कोटी. आता सांगा, महाग कोणता?

बरं, घेतला. 50,000 रुपयांत 25,000 शेअर आले, मनाला किती बरं वाटतं! आता विकायला जा. समजा सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव हलण्याची मर्यादा, 5 टक्क्यांचं आहे आणि कुणीतरी मोठा विक्रेता आलाय. भाव 1.90 वर थांबतो. स्क्रीनवर विकणाऱ्यांच्या बाजूला लाखो शेअर दिसतात आणि घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य. तुमची ऑर्डर रांगेत शेवटची. उद्या 1.81, परवा 1.72. असे दहा दिवस गेले की भाव जवळपास 40 टक्के उतरलेला असतो आणि तुमचा एकही शेअर विकला गेलेला नसतो. स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीला उतरला की विकायची ऑर्डर, लावला होता म्हणाल, पण समोर घेणाराच नसेल तर स्टॉपलॉस काय करणार?

उलाढाल इतकी कमी असली की भाव हलवणंही सोपं जातं. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीचं प्रकरण आठवा. बाजार नियामक सेबीच्या 2 मार्च 2023 च्या अंतरिम आदेशानुसार, जुलै 2022 मध्ये यूट्यूबवर या शेअरची भलामण करणारे खोटे व्हिडिओ आले, अदाणी समूह कंपनी घेणार असल्याची थाप त्यात होती. लहान भागधारकांची संख्या साधारण 2,000 वरून 55,000 वर गेली. त्याच वेळी काही प्रवर्तक आणि बडे भागधारक चढ्या भावात आपला माल विकत होते. म्हणून रोज अप्पर सर्किट लागतंय, म्हणजे भाव वरच्या मर्यादेला भिडतोय, याचा आनंद मानण्याआधी एक्स्चेंजच्या साइटवर दर तिमाहीचा भागधारणेचा तक्ता उघडा. प्रवर्तकांचा हिस्सा घटतोय आणि किरकोळ भागधारक फुगतायत असं दिसलं, तर माल कुणाच्या गळ्यात पडतोय ते कळतं.

आणि शेवटची पायरी. कंपनीने निकाल देणं, नियम पाळणं सोडलं की व्यवहार स्थगित होतात, पुढे सक्तीचं डीलिस्टिंग, म्हणजे शेअर एक्स्चेंजवरून कायमचा काढून टाकणं. जुलै 2018 मध्ये बीएसईने एका फटक्यात 222 कंपन्या काढल्या, त्या सहा महिन्यांहून जास्त काळ स्थगितच होत्या. कायद्याने प्रवर्तकांनी मूल्यांककाने ठरवलेल्या भावात लोकांचे शेअर विकत घ्यायला हवेत. पण कंपनीच बुडीत असेल तर तो भाव किती निघणार, आणि प्रवर्तक सापडणार कुठे? डिमॅटमध्ये मात्र ते 25,000 शेअर तसेच दिसत राहतात.