गुलाबी पडलेल्या फ्रेमचा माग

(दृश्य: लाइट बॉक्सवर फिल्मचा छोटा तुकडा, बाजूला भिंग)

सांगलीतल्या एका घरात, जुन्या पत्र्याच्या डब्यात निघालेली ही १६ मिलिमीटरची फिल्म. लांबी १८ सेंटिमीटर, फ्रेम्स २४. म्हणजे पडद्यावरचा जेमतेम एक सेकंद. निळ्या कोटातला, कार्टूनमधला डुक्कर पोर्की पिग भिंतीकडेने चालत येतो आणि धूम ठोकतो. नाव नाही, पाटी नाही. वॉर्नर ब्रदर्सच्या दोन कार्टून मालिकांपैकी हे लूनी ट्यून्सचं की मेरी मेलडीजचं, आणि कधीचं?

हात लावण्याआधी एक गोष्ट पाहायची. कृष्णेच्या पुरात भिजलेल्या फिल्मचं जिलेटिन फुगतं, रंग ओघळतात, आणि मग फिल्मचा दाणा, म्हणजे चित्र बनवणारे बारीक कण, वाचण्यात अर्थ उरत नाही. हा तुकडा कोरडा राहिलाय. व्हिनेगरसारखा वासही नाही, म्हणजे फिल्म कुजू लागलेली नाही.

(दृश्य: फिल्मची कड, भिंगातून)

सुरुवात चित्रापासून नाही, कडेपासून. कोडॅक आपल्या फिल्मच्या कडेवर वर्षाची खूण छापत असे, आणि त्याच खुणा २० वर्षांनी पुन्हा येत. इथे पारदर्शक जागेवर दोन काळे त्रिकोण आहेत: १९४१ किंवा १९६१. थोडं पुढे काळ्या पट्ट्यात एक पांढरं वर्तुळ दिसतं: १९३६ किंवा १९५६. काळी खूण या प्रिंटच्या स्वतःच्या फिल्मची. पांढरी खूण मात्र ज्या निगेटिव्हवरून प्रिंट निघाली तिची, छपाईत उतरून आलेली. हा फरक सुटला तर निगेटिव्हचं वर्ष प्रिंटच्या नावावर जमा होतं.

दोनपैकी कुठलं वर्ष, ते रंग सांगतो. सगळं चित्र गुलाबी झालंय, कारण कोडॅकच्या ईस्टमनकलर फिल्मवरच्या जुन्या प्रिंटमधला निळसर रंग, सायन, सर्वांत आधी उडतो. ही प्रिंट-फिल्म बाजारात आली १९५० मध्ये. म्हणून निगेटिव्ह १९५६ ची आणि प्रिंट १९६१ ची. अर्थात ही फिल्म बनल्याची वर्षं झाली. कार्टून त्याहून कितीतरी जुनं असू शकतं.

(दृश्य: तीन लागोपाठच्या फ्रेम्स, भिंतीचा सपाट भाग मोठा करून)

आता दाणा. कार्टूनमधली भिंत रंगवलेली आणि स्थिर असते. त्यामुळे लागोपाठच्या फ्रेम्समध्ये तिच्यावर जे वळवळतं, तो निव्वळ फिल्मचा दाणा. तो स्कॅनच्या हिरव्या चॅनेलमध्ये बघायचा. लाल चॅनेलमधला रंग उडालेला असतो. तो ताणून वर आणला की दाणाही ताणला जातो आणि फिल्म आहे त्यापेक्षा खरबरीत भासते. इथला दाणा जाड आणि रेघांच्या कडा मऊ आहेत. कॉपीवरून कॉपी झाल्याची ही लक्षणं.

दाण्यापेक्षाही बोलका आहे भिंतीवरचा एका फ्रेमपुरता आलेला लाल ठिपका. साध्या रंगीत निगेटिव्हवर धूळ बसली, तर प्रिंटमध्ये पांढरा डाग येतो. एकरंगी डाग येतो, तो तिन्ही रंग वेगवेगळे नोंदवलेले असतात तेव्हा. टेक्निकलरच्या कार्टूनमध्ये प्रत्येक चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तीनदा टिपत. त्यातल्या एकाच नोंदीवर धूळ बसली होती. स्कॅनचा रंग सावरल्यावर पिवळी भिंत, हिरवं झाड आणि जांभळं आभाळ एकत्र दिसतात. दोन रंगांच्या छपाईत असं जांभळं येत नाही. म्हणजे १९३४-३५ ची दुरंगी कार्टून्स बाद.

(दृश्य: पोर्कीचा चेहरा, कोटाची कड)

गालाभोवतीची रेघ कोटाभोवतीच्या रेघेपेक्षा फिकी आहे. म्हणजे रंगीत शाईने हाताने ओढलेली. १९६० च्या सुमारास आलेल्या झेरॉक्स पद्धतीत सगळ्या रेघा काळ्या, थोड्या खडबडीत दिसत. चालताना प्रत्येक चित्र दोन फ्रेम्स टिकतं, पळताना दर फ्रेमला नवं. टीव्हीसाठीच्या काटकसरी ॲनिमेशनची ही चाल नव्हे. काळी-पांढरी कार्टून्स पुन्हा रेखाटून केलेल्या रंगीत आवृत्त्याही आहेत, आणि त्या भल्याभल्यांना चकवतात. पण त्या १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या. १९६१ च्या फिल्मवर त्या येणार नाहीत.

आता मालिका. मेरी मेलडीज १९३४ पासून रंगीत, लूनी ट्यून्स १९४३ पर्यंत बहुतांशी काळ्या-पांढऱ्या. म्हणून ‘रंगीत, तर मेरी मेलडीज’ असं म्हणण्याचा मोह होतो. पण पोर्की त्या काळात मुख्यतः काळ्या-पांढऱ्या लूनी ट्यून्समध्येच असे; रंगात तो क्वचितच दिसतो. त्यामुळे हा तुकडा १९४३ च्या आसपासचा किंवा नंतरचा असण्याची शक्यता जास्त. वॉर्नरची १९४८ च्या मध्यापूर्वीची रंगीत कार्टून्स १९५६ मध्ये टीव्हीच्या वितरणासाठी विकली गेली. आपली निगेटिव्ह त्याच वर्षाची आहे. हा पुरावा नाही, पण मेळ चांगला बसतो.

१९४३ नंतर दोन्ही मालिका रंगीत झाल्या, आणि एका सेकंदाच्या चित्रावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. १९४३ ते १९४८ मधली पोर्कीची कार्टून्स एकेक काढून पिवळी भिंत आणि जांभळं आभाळ जुळवायचं. जुळलं की मालिका मूळ प्रदर्शनाच्या नोंदीतून घ्यायची, प्रिंटवरच्या पाटीवरून नाही. ब्लू रिबन नावाने पुन्हा प्रदर्शित करताना मूळ पाट्या कापल्या गेल्या, आणि कितीतरी लूनी ट्यून्स मेरी मेलडीजच्या नावाखाली फिरली.