सोललेल्या मटाराचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. मी घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेते. थंडीत मटार स्वस्त झाला की उसळीची मागणी वाढते, आणि याच उसळीने एकदा माझी फजिती केली.

40 पानं होती. माणशी 60 ग्रॅम दाणे धरले, म्हणजे 2 किलो 400 ग्रॅम. शेंगांचं निम्म्याहून जास्त वजन सालात जातं, हे ठाऊक होतं. शंभरात 55 जातात ना, मग दाण्यांवर तेवढे चढवू, असं म्हणून 3 किलो 700 ग्रॅम शेंगा आणल्या. रात्री चौघी जणी सोलत बसलो. दाणे भरले 1 किलो 650! पाऊण किलोची तूट. बटाटे घालून वेळ मारून नेली.

चूक कुठे झाली? 55 टक्के जातात ते आणलेल्या शेंगांतले. मी ते मोजले दाण्यांवर. इथे चढवायचं नसतं, भागायचं असतं. किलोभर शेंगांत 450 ग्रॅम दाणे निघतात, तर 2400 भागिले 450, म्हणजे 5 किलो 333. साडेपाच आणायला हवे होते.

आता हा 450 चा आकडा तरी कायमचा कुठला? कोवळ्या, चपट्या शेंगांत नुसतं साल असतं. म्हणून ऑर्डरच्या आदल्या दिवशी मी त्याच भाजीवाल्याकडून पाव किलो आणते. निवडून नाही हं, ढिगातल्या सरसकट. निवडून आणल्या की हिशेब आपल्यालाच फसवतो. सोलते, किडके दाणे काढते, वजन करते. 110 ग्रॅम भरले की चौपट करायचे: किलोला 440.

यातून भावही कळतो. शेंगा 40 रुपये किलो असतील, तर 40 ला 440 ने भागून 1000 ने गुणा. दाणे 91 रुपये किलो पडले. भाजीवाली सोललेले दाणे 100 ला देत असेल, तर मी तेच घेते. 9 रुपयांसाठी किलोभर मटार कोण सोलत बसेल!

बटाट्याला इतकं जपावं लागत नाही, पण लहान बटाटे आणू नका. तेवढ्याच वजनाला साल जास्त निघतं. उकडून सोलले तर साल पातळ सुटतं. फ्लॉवर मात्र पाला काढूनच तोलायला सांगा. मेथीचं वजन तर बघूच नका, जुडीवर पाणी मारलेलं असतं. एक जुडी घरी निवडा, पानं किती निघाली ते पाहा, आणि मग बाकीच्या किती आणायच्या ते ठरवा.