हप्ता युनिटमध्ये मोजा

नमस्कार श्रोतेहो. छतावर सोलर बसवायला कर्ज घेताना सगळे हिशेब रुपयांत करतात. मी म्हणतो, हप्ता युनिटमध्ये मोजा. हप्त्याला तुमच्या युनिटच्या दराने भागा. जे उत्तर येईल, तेवढी युनिटं दर महिन्याला वाचली, तर हप्ता सुटला.

आमच्या ओळखीच्या एका काकांचं ऐका. घरचा वापर महिन्याला ४०० युनिटं. तीन किलोवॉटचा संच बसवला, चांगल्या उन्हात महिन्याला साधारण ३६० युनिटं देणारा. हप्ता होता ३०० युनिटांच्या किमतीएवढा. विक्रेता म्हणाला, ३६० वाचतील, ३०० जातील, वर ६० शिल्लक! काका खूश. पहिलं बिल आलं आणि गणित बसेना.

काकूंनी बिल हातात घेतलं. (हल्ली बिल मोबाइलवर येतं नि कोणी रकमेच्या खाली बघतच नाही. कागदी बिल बरं होतं, निदान डोळ्यांसमोर पडून राहायचं.) तर काकूंना दिसलं, दिवसा घरात वापरली गेली फक्त १५० युनिटं. उरलेली २१० ग्रीडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात गेली, आणि तिथे त्यांना मोल मिळालं निम्मंच. म्हणजे १५० अधिक १०५, एकूण २५५. हप्ता ३०० चा, बचत २५५ ची. दरमहा ४५ युनिटांचा खड्डा.

काकूंनी फर्मान काढलं: पंप, वॉशिंग मशीन आणि गिझर, सगळं भर उन्हात. काका निवृत्त, तरी आंघोळ पहाटे सहाला करणारे. "बारा वाजता आंघोळ? लोक काय म्हणतील?" काकू म्हणाल्या, "लोक हप्ता भरणार आहेत का?" काका आठवडाभर रुसले, मग दुपारी बारालाच टॉवेल घेऊन उभे राहायला लागले. रोजची तीन युनिटं, महिन्याची ९० उन्हात सरकली. आता घरात २४०, बाहेर १२०, त्यांचं मोल ६०. बेरीज ३००. हप्ता बरोब्बर सुटला!

म्हणून सही करण्याआधी विचारा, ग्रीडला दिलेल्या युनिटला कोणता भाव? पूर्ण भाव मिळत असेल, तर काकांना पहाटेची आंघोळ लखलाभ. निम्मा मिळत असेल, तर दिवसाचा वापर मोजा. पुन्हा सांगतो, तयार झालेली युनिटं मोजू नका, वाचलेली मोजा. आणि स्थिर आकार वजा होत नाही, तो हिशेबात धरू नका. दर टप्प्याटप्प्याने चढत असेल, तर सोलर आधी वरच्या, महागड्या टप्प्यातली युनिटं खातं. म्हणून सरासरी दराने भागलंत, तर बचत खरी आहे त्यापेक्षा कमी दिसेल.

पावसाळ्यात उत्पादन घटतं, हप्ता मात्र तेवढाच राहतो, म्हणून बेरीज बारा महिन्यांची करा. मुदत वाढवली की हप्ता हलका होतो, पण एकूण व्याज वाढतं. आणि पॅनेल वीस-पंचवीस वर्षं चालतात, इन्व्हर्टर मात्र बहुधा दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. कर्ज फिटल्यावर वाचणाऱ्या पैशातून तो खर्च बाजूला ठेवायचा.