आधी मोजणी, मग रक्कम

मित्रहो, वार्षिक परीक्षेचं अंदाजपत्रक करताना बहुतेक शाळांत गेल्या वर्षीचा आकडा घेऊन त्यात थोडी वाढ केली जाते. मग छपाईचं बिल आलं की ओढाताण सुरू होते. माझं सांगणं एवढंच, की आधी नग मोजा आणि दर शेवटी लावा.

एक शाळा धरू. 5 इयत्ता, प्रत्येकीत 96 विद्यार्थी, 6 विषय. म्हणजे एकूण 480 मुलं, 30 वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका आणि सगळे हजर राहिले तर 2,880 उत्तरपत्रिका.

पहिली चूक जादा प्रतींत होते. 96 वर शेकडा पाच धरले की 101 प्रती पुरेशा वाटतात. पण एका खोलीत दोन इयत्तांची पंधरा-पंधरा मुलं बसवली, तर एक इयत्ता 7 खोल्यांत विभागली जाते. प्रश्नपत्रिका पाकिटातून जातात आणि प्रत्येक पाकिटात एक तरी प्रत जास्त लागतेच. झाल्या 103. परीक्षक, नियामक आणि कार्यालय यांच्यासाठी आणखी 5 धरल्या की 108. तीस प्रश्नपत्रिकांच्या मिळून 3,240 प्रती. हा हिशेब चुकला, की ऐन परीक्षेच्या सकाळी कोणीतरी झेरॉक्सकडे धावतो. त्यात पैसे तर जातातच, गुप्तताही जाते.

पानांकडेही लक्ष द्या. चार पानांची प्रश्नपत्रिका एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापून दुमडता येते. मजकूर पाचव्या पानावर दोन ओळी जरी गेला, तरी प्रत्येक प्रतीला वेगळा कागद आणि पिन लागते. म्हणून मजकूर छपाईला जाण्यापूर्वी पानं मोजून घ्यावीत.

पर्यवेक्षणाचं मानधन माणसागणिक धरू नका, पाळीगणिक धरा. तीस-तीस मुलांच्या 16 खोल्या आणि 6 दिवस, म्हणजे 96 पाळ्या. दर चार खोल्यांमागे एक बदली पर्यवेक्षक हवाच, त्याच्या 24. एकूण 120.

तपासणीचं मानधन उत्तरपत्रिकेगणिक देणं रास्त. मात्र ज्या विषयाला बारा-पंधराच मुलं आहेत, तिथे किमान रक्कम ठरवून द्यावी. प्रश्नपत्रिका काढण्याचे कष्ट मुलं कमी म्हणून कमी होत नाहीत, आणि हे मानधन वेगळं दाखवलं नाही तर त्या शिक्षकावर अन्याय होतो. नियामक दहातली एक उत्तरपत्रिका पुन्हा पाहणार असेल, तर त्या 288 चा खर्चही वेगळ्या ओळीत लिहावा.

निकालाच्या कामात टंकलेखन एकट्याचं धरतात, पडताळणी विसरतात. एकाने गुण वाचायचे आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे, यात दोन माणसांचा वेळ जातो. त्याआधी प्रत्येक इयत्तेच्या प्रत्येक विषयात आलेल्या उत्तरपत्रिका अधिक गैरहजर बरोबर 96 होतात का, ते पाहावं. गैरहजर मुलाच्या रकान्यात शून्य पडलं, की सरासरी बिघडते आणि गुणपत्रकं पुन्हा छापावी लागतात.

आजारपणामुळे राहिलेल्यांची फेरपरीक्षा मात्र याच अंदाजपत्रकात घ्या. तीन मुलं असली तरी नवी प्रश्नपत्रिका, एक खोली आणि एक पर्यवेक्षक लागतोच.