सावकाराच्या घरातील नावे

श्रोतेहो, नमस्कार. पेशवाईतील पुण्यावर कादंबरी लिहायची आहे आणि तिच्या केंद्रस्थानी एक व्यापारी घराणे आहे, असे धरून त्या घराला नावे कशी द्यावीत, याचा आज विचार करू.

हे घराणे पैठणहून आले आणि रेशमी वस्त्रांचा व्यापार करते, असे ठरवले, तर पैठणकर हे आडनाव सहज सुचते. मात्र गावावरून पडलेले आडनाव बहुधा ते गाव सोडल्यावरच चिकटते. पैठणात सगळेच पैठणचे असल्याने तिथे त्या नावाने कोणाची ओळख पटणार नाही. म्हणून कथा पैठणात सुरू होत असेल, तर पहिल्या प्रकरणात या माणसाला जिवाजीशेट एवढेच म्हणावे आणि पैठणकर हे नाव पुण्याच्या पेठेतील लोकांच्या तोंडून पुढे येऊ द्यावे. नावामागचा शेट व्यापारी प्रतिष्ठा सांगतो, पण तो दुसऱ्यांनी लावायचा असतो. जिवाजी स्वतःच्या सहीत तो लिहू लागला, तर वाचकाला ते खटकेल.

धंद्यावरून आलेली आडनावे अधिक जपून वापरावी लागतात. त्या काळी अनेक टांकसाळींचे रुपये चलनात होते आणि त्यांचा बट्टा वेगवेगळा असे. नाणी बदलून देणारा तो सराफ, तर खजिन्यात येणारे नाणे पारखणारा तो पोतदार. पोतदारकी हा हक्काचा हुद्दा असल्याने नव्याने आलेल्या कापडव्यापाऱ्याला ते आडनाव शोभणार नाही.

वंश दाखवण्यासाठी मात्र आडनावापेक्षा पहिले नाव अधिक उपयोगी पडते, असे मला वाटते. थोरल्या नातवाला वारलेल्या आजोबांचे नाव ठेवण्याची रीत होती. पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलमध्ये वारले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेल्या त्यांच्या नातवाचे नाव बाळाजी ठेवले गेले. हेच पुढे नानासाहेब म्हणून प्रसिद्ध झाले. आपल्या घरात जिवाजीचा मुलगा रामशेट असेल, तर रामशेटचा थोरला मुलगा पुन्हा जिवाजी होईल. परंतु आजी नवऱ्याचे आणि सून सासऱ्याचे नाव घेणार नाही, म्हणून हा मुलगा घरात नाना म्हणूनच वाढेल. दस्तऐवजात तो ‘जिवाजी बिन रामशेट’, पेठेत जिवाजीशेट आणि घरात नाना, अशी त्याची तीन रूपे सांभाळली, की दोन जिवाजींमध्ये वाचकाचा गोंधळ होत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत लग्नानंतर आडनावाबरोबर पहिले नावही बदलत असे. रामशेटची बायको सासरी लक्ष्मी आणि माहेरी गोदा असेल, तर भावाच्या पत्रात तिला गोदाच म्हणावे. लक्ष्मी हे नाव माहेरची माणसे सहसा तोंडात घेणार नाहीत.