दिवसाला सहा सेकंद: क्रोनोमीटरच्या प्रमाणपत्राचा अर्थ

(इंदूरच्या मराठी मंडळींसमोर एका घड्याळजींनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. राजवाड्याजवळच्या माझ्या दुकानात येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "दादा, एवढं महागाचं घड्याळ घेतलं, डायलवर क्रोनोमीटर लिहिलंय, तरी रोज पाच सेकंद पुढे जातं. फसवलं का मला?" फसवलेलं नाही. क्रोनोमीटर म्हणजे अचूकपणाच्या तपासणीत पास होऊन तसं प्रमाणपत्र मिळालेलं घड्याळ, आणि पाच सेकंद पुढे जाणं त्या प्रमाणपत्रात बसतं. आज एवढंच समजून घेऊ, कारण हा आकडा कशाचा आहे हे कळलं की स्वतःच्या घड्याळाची पारखही आपोआप कळते.

ही तपासणी स्वित्झर्लंडमध्ये कॉस्क नावाची संस्था करते. १९७३ साली ती स्थापन झाली. घड्याळाच्या कंपन्या तिच्याकडे नुसतं मशीन पाठवतात, केसमध्ये न बसवलेलं. पंधरा दिवस ते मशीन तिथे राहतं. दर चोवीस तासांनी त्याला चावी देतात आणि ते किती पुढे-मागे गेलं ते अचूक वेळेशी ताडून लिहून ठेवतात. पहिले दहा दिवस पाच स्थितींत, प्रत्येक स्थितीत दोन दिवस: तीन उभ्या, आणि दोन आडव्या, म्हणजे डायल वर आणि डायल खाली. मग ८, २३ आणि ३८ अंश तापमानात एकेक दिवस. शेवटचे दोन दिवस पुन्हा पहिल्याच स्थितीत, म्हणजे मशीन आपल्या मूळ चालीवर परत येतं का ते कळतं.

नेहमीच्या आकाराच्या मशीनसाठी मर्यादा आहे दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद. आता इथे कान द्या. ही मर्यादा पहिल्या दहा दिवसांच्या सरासरीची आहे. रोजच्या रोज घड्याळ यातच राहील असं प्रमाणपत्र म्हणत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा एका मशीनचे आकडे असे आले: डायल वर ठेवल्यावर दिवसाला अधिक ६, डायल खाली अधिक ७, आणि तीन उभ्या स्थितींत ०, १ आणि १. बेरीज पंधरा, भागिले पाच, सरासरी अधिक ३. पास. पण एखाद्याने हे घड्याळ रविवारी दिवसभर टेबलावर डायल वर करून ठेवलं तर ते सहा सेकंद पुढे जाईल. दुसऱ्याने मनगटावर घालून दिवसभर काम केलं तर जेमतेम एखाददुसरा सेकंद. घड्याळ तेच आणि दोन्ही आकडे खरे.

असं का होतं? घड्याळाची चाल ठरवणारं, मागे-पुढे झुलणारं चाक म्हणजे बॅलन्स व्हील. ते दोन अतिशय बारीक टोकांवर फिरतं. घड्याळ आडवं असलं की सगळं वजन एका टोकाच्या बिंदूवर येतं, घर्षण कमी होतं, बॅलन्स मोकळेपणाने झुलतो. घड्याळ उभं केलं की दोन्ही टोकं आपल्या कुशीवर घासतात आणि झोका कमी होतो. माझ्याकडच्या टायमिंग मशीनवर हे डोळ्यांनी दिसतं. चांगल्या स्थितीतलं घड्याळ आडवं ठेवलं की झोका २९० अंशांच्या आसपास दाखवतं, उभं केलं की २६० वर येतं. त्यातच बॅलन्सची एक बाजू केसभर जड असली तर उभ्या स्थितीत गुरुत्वाकर्षण तिला ओढतं, आणि मग चावी वर की खाली यावरही चाल बदलते.

आता सरासरीपेक्षा मोलाची गोष्ट सांगतो. मला त्यातच खरा कस दिसतो. एकाच स्थितीतल्या दोन दिवसांच्या चालीत किती फरक पडतो, हेही कॉस्क मोजते. पाच स्थितींतल्या या फरकांची सरासरी दोन सेकंदांच्या वर गेली की मशीन नापास. समजा माझ्यासमोर दोन घड्याळं आहेत. एक रोज नेमाने ९ सेकंद पुढे जातं. दुसरं आज २ पुढे, उद्या ७ मागे, परवा ५ पुढे. आठवड्याच्या शेवटी दुसरं वेळेच्या जास्त जवळ दिसेल. तरी मी पहिलं निवडेन. कारण त्याचा फास्ट-स्लोचा दांडा केसाएवढा सरकवला की ते शून्याजवळ येतं. दुसऱ्याला दांडा सरकवून काहीच होणार नाही, त्याचं मशीन उघडून दोष शोधावा लागेल.

मग साध्या घड्याळात किती फरक चालतो? हल्ली पुष्कळ घड्याळांत येणारं जपानी एनएच ३५ हे ऑटोमॅटिक मशीन घ्या. कंपनी स्वतःच त्याची मर्यादा दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद सांगते. हातात आल्यावर ते बहुधा याहून चांगलं चालतं, पण दिवसाला पंधरा सेकंद पुढे गेलं म्हणून तक्रारीला जागा नाही. आपल्याकडे घरोघरी असलेली एचएमटी जनता तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. ती वीस सेकंद पुढे गेली तर त्यातले शंभर ठोके जास्त पडले. साफसफाई केलेली जुनी जनता दिवसाला वीस-तीस सेकंदांत राहिली तर मी ती समाधानाने गिऱ्हाइकाच्या हातात देतो.

घरी मोजायचं असेल तर एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. रोज ठरलेल्या वेळी, पूर्ण चावी देऊन, मोबाइलच्या वेळेशी किती फरक आहे तेवढा कागदावर लिहा. काटे हलवू नका. आठवडाभराने एकूण फरकाला दिवसांनी भागा. त्याबरोबर रात्री घड्याळ कसं ठेवलं तेही लिहा, कारण त्याचा उपयोग होतो. वरच्या उदाहरणातलं घड्याळ रात्री आठ तास डायल वर ठेवलं तर त्या आठ तासांत दोन सेकंद पुढे जातं. शून्य आकडा आलेल्या उभ्या स्थितीत ठेवलं तर रात्रीत जवळपास जिथल्या तिथे राहतं. दिवसाची चाल अशी रात्री भरून काढता येते, घड्याळ न उघडता.

बिघाड ओळखायच्या खुणा वेगळ्या असतात. काल बरं चालणारं घड्याळ आज अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जाऊ लागलं तर आधी चुंबकाचा संशय घ्या. स्पीकर, चुंबकाचं झाकण असलेलं मोबाइल कव्हर, पर्सची कळ, यांच्याजवळ राहून बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, म्हणजे हेअरस्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि बॅलन्स घाईने झुलू लागतो. होकायंत्राजवळ घड्याळ नेलं आणि सुई सरकली तर संशय बळावतो. दुकानात चुंबकत्व काढायला मिनिटही लागत नाही, त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. याउलट घड्याळ आडवं बरं चालतं, उभं केलं की मागे पडतं, आणि हे महिन्यामहिन्याने वाढत जातं, तर तेल सुकलंय. झोका २१० वर आलेला असतो. तिथे फास्ट-स्लो सरकवणारा कारागीर तुमचं काम करत नाही, आकडा झाकतोय. मशीन उघडून धुवायलाच हवं.

प्रमाणपत्र मिळालं ते कारखान्यातून निघालेल्या नव्या मशीनला, त्या पंधरा दिवसांपुरतं. दहा वर्षं सर्व्हिसिंग न झालेल्या, दोनदा फरशीवर पडलेल्या घड्याळाच्या डायलवर तो शब्द तसाच असतो, चाल तशी असेलच असं नाही. म्हणून जुनं क्रोनोमीटर विकत घेताना कागद नंतर बघा. आधी विक्रेत्याला ते टायमिंग मशीनवर लावायला सांगा, निदान डायल वर, चावी वर आणि चावी खाली, अशा तीन स्थितींत, आणि तिन्ही आकडे व झोका तुमच्यासमोर लिहून घ्या.